धागा: शाळेच्या तपासणीत ६/६, दुकानात मायनस, दवाखान्यात प्लस. सहा वर्षांच्या मुलाचा खरा नंबर कोणता?

मुक्ता_जुळेसोलापूर | मंगळवार, सकाळी १०:४०

माझा मुलगा पहिलीत आहे. वाचताना, चित्र रंगवताना त्याचा डावा डोळा नाकाकडे वळतो, हे त्याच्या आत्याच्या लक्षात आलं. शाळेत मध्यंतरी डोळे तपासले होते, तेव्हा त्याने सगळ्या ओळी वाचल्या आणि कार्डावर ६/६ लिहून आलं. तरी शंका नको म्हणून नव्या पेठेतल्या एका चष्म्याच्या दुकानात कॉम्प्युटरवर तपासून घेतलं. चिठ्ठी आली: उजवा −०.५०, डावा +०.७५. दुकानदार म्हणाले, किरकोळ आहे, सहा महिन्यांनी या.

मग डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी घरी घालायला मलम दिलं, बाहुल्या मोठ्या झाल्यावर पुन्हा तपासलं. आता आकडे असे: उजवा +३.२५, डावा +४.५०. चष्मा घालून उजव्याने ६/६ वाचतो, डाव्याने ६/१२ च्या पुढे जात नाही. दिवसभर चष्मा लावायला सांगितलंय.

सासूबाई म्हणतात प्लस नंबर म्हाताऱ्यांना असतो, एवढ्याशा पोराला कसा? थोरली मुलगी तेरा वर्षांची, तिला −२.२५ आहे, तिचं आम्हाला कळतं, फळा दिसत नव्हता. याला तर बिनचष्म्याचं सगळं दिसतंय. एकाच मुलाचे तीन ठिकाणी तीन निकाल. कुणाचं धरायचं?

वसंतकाका_सातरस्ता | मंगळवार, सकाळी ११:२५

मुक्ताताई, मी शिक्षक होतो, हजारो मुलं पाहिली. लहान मुलांना मायनस लागतो आणि चाळिशीनंतर प्लस, हा साधा नियम आहे. मलम घालून डोळा बधिर केल्यावर आकडा चुकीचा येणारच. मुलगा ६/६ वाचतो म्हणजे डोळा चांगला आहे. एवढा जाड चष्मा लावला की डोळ्याला सवय लागते आणि नंबर उतरत नाही. द्यायचाच तर निम्म्या नंबराचा द्या.

माझं सांगतो. वय ६८. वीस वर्षं पेपर वाचायला +२.५० लागायचा. वर्षभर रोज पहाटे डोळ्यांचे व्यायाम केले, आज पेपर बिनचष्म्याचा वाचतो.

श्रीनिवास_अशोकचौक | मंगळवार, दुपारी १:१०

आमचे यंत्रमाग आहेत. माझं वय ४६, नंबर −२.२५, कॉलेजपासून. आता झालंय असं की चष्मा घातला की तुटलेला धागा दिसत नाही, चष्मा कपाळावर सरकवला की गाठ मारायला एकदम स्वच्छ दिसतं. म्हणजे माझा नंबर उतरला असं समजायचं ना? पोराचा पण असाच उतरेल, काळजी करू नका.

अनुजा_ऑप्टो | मंगळवार, दुपारी ३:०५

मी दृष्टितपासणीचं काम करते, त्यातही लहान मुलांचं जास्त. मुक्ता, तुमच्या दोन चिठ्ठ्या एकमेकींच्या विरोधात नाहीत. शेजारी ठेवून बघा. दुकानातल्या चिठ्ठीत उजव्या-डाव्यात किती फरक आहे? −०.५० आणि +०.७५, म्हणजे १.२५. मलमानंतरच्या चिठ्ठीत? +३.२५ आणि +४.५०, पुन्हा १.२५. दोन्ही डोळ्यांचा आकडा नेमका ३.७५ ने सरकलाय. डोळे तेच होते. दुकानात तो डोळ्यांच्या आतल्या स्नायूचा जोर लावून बघत होता. मलमाने तो जोर काही दिवस थांबवला, म्हणून खाली दडलेला नंबर दिसला.

कॉम्प्युटरच्या यंत्रात मूल अगदी जवळून डोकावतं. आतलं चित्र लांबचं असलं तरी डोळा जवळचं बघतोय असं समजून जोर लावतो, आणि यंत्र तो जोर मायनस म्हणून मोजतं. मोठ्या माणसात ही गडबड थोडी, लहान मुलात भरपूर. म्हणून तिरळेपणाची शंका असलेल्या मुलाचा नंबर थेंब किंवा मलम घातल्याशिवाय ठरवू नये. दुकानदाराची इथे एवढीच चूक म्हणेन, की डोळा वळतोय हे ऐकल्यावर त्यांनी सहा महिने थांबायला सांगायला नको होतं.

प्रथमेश_दहावी | मंगळवार, संध्या. ५:५०

आम्हाला यंदा भिंगांचा धडा आहे. पुस्तकात दूरदृष्टितेची आकृती आहे, त्यात प्रतिमा दृष्टिपटलाच्या मागे पडते आणि जवळचं दिसत नाही असं आहे. मग या मुलाला जवळचं पण दिसतंय आणि लांबचं पण. आकृतीप्रमाणे तर दोन्ही पुसट पाहिजे. आणि मायनसवाल्या ताईला असाच जोर लावून फळा का दिसत नाही?

अनुजा_ऑप्टो | मंगळवार, रात्री ९:१५

प्रथमेश, प्रश्न अगदी मर्मावर आहे. आकृतीतला डोळा स्वस्थ बसलेला आहे. खरा डोळा स्वस्थ बसत नाही.

या मुलाचं बुबुळ ते पडदा हे अंतर थोडं कमी पडतंय. जन्मतः डोळा साधारण १७ मिलिमीटर लांब असतो, मोठेपणी २३-२४ होतो. वाढताना एखादा डोळा मागे राहिला की प्लस, जास्त लांबला की मायनस. एका मिलिमीटरचा फरक म्हणजे जवळजवळ पावणेतीन नंबर, इतकं ते नाजूक गणित आहे. त्यामुळे लहान मुलांना थोडा प्लस असणं नेहमीचंच, सहा-सात वर्षांपर्यंत तो बहुतेकांचा विरघळतो. याचा विरघळण्यासारखा थोडका नाही.

आता जोराचं. डोळ्याच्या आतलं भिंग फुगलं की डोळ्याची ताकद वाढते. सहा वर्षांच्या मुलाकडे ही वाढवायची ताकद १४ च्या आसपास असते. याला लांबचं बघायला ३.२५ लागते, ती तो सहज लावतो आणि ६/६ वाचतो. पण त्याने जोर लावून वाचलं हे कार्डावर कुठे लिहिलेलं नसतं. जवळचं, म्हणजे वहीवर २५ सेंटीमीटरवरून बघायला कोणत्याही मुलाला ४ लागतात, याला ४ अधिक ३.२५, म्हणजे सव्वासात. डोक्यावर पोतं घेऊन चालणाऱ्या माणसासारखं, चालतो बरोबर, पण सतत वजन घेऊन.

ताईचं उलट आहे. तिचा डोळा लांब, ताकद आधीच जास्त. जोर लावून ताकद वाढवता येते, कमी करता येत नाही. म्हणून मायनसवाल्याला पळवाट नाही, फळा पुसट तो पुसटच. १ भागिले २.२५ केलं की ०.४४ येतात. तिला चष्म्याशिवाय ४४ सेंटीमीटरपर्यंतच स्पष्ट दिसतं. मायनस भिंग मध्ये पातळ, कडेला जाड. ते लांबून येणारे किरण एवढेच पसरवतं, की ते ४४ सेंटीमीटरवरून आल्यासारखे डोळ्यात शिरतात, आणि तिथलं तर तिला दिसतंच. प्लस भिंग मध्ये फुगीर. ते किरण डोळ्यात शिरण्याआधीच सव्वातीनपुरते जवळ आणतं, म्हणजे पोतं भिंगाने उचललं, डोळ्याने नाही.

मुक्ता_जुळेसोलापूर | मंगळवार, रात्री ९:५०

चिठ्ठ्या शेजारी ठेवून बघितल्या. खरंच दोन्हीत १.२५ च. हे कुणी दाखवलंच नव्हतं. पण मग डावा डोळाच का वळतो? आणि चष्मा लावूनही डाव्याने ६/१२ च का?

अनुजा_ऑप्टो | मंगळवार, रात्री १०:२०

दोन्हीचं मूळ त्या सव्वा नंबरातच आहे. जोर दोन्ही डोळ्यांत सारखाच लागतो, एकात जास्त एकात कमी असं होत नाही. मूल सोपा डोळा धरतं. उजव्यापुरते ३.२५ लावले की उजवं चित्र लख्ख. डाव्याला ४.५० हवे होते, म्हणजे त्या डोळ्यात कायम १.२५ कमी, लांबचंही पुसट आणि जवळचंही. जन्मापासून मेंदूला डाव्या डोळ्याकडून धुरकट चित्रच मिळालं, त्याने ते वापरायचं सोडलं. याला आळशी डोळा म्हणतात. भिंगाने चित्र आज स्वच्छ होईल, पण मेंदूला ते बघायला शिकायला महिने लागतात. म्हणून ६/१२.

आणि जवळ बघायचा जोर आणि डोळे नाकाकडे वळवणं ही जोडगोळी आहे, एक केलं की दुसरं आपोआप होतं. चारऐवजी सव्वासातचा जोर लावला तर डोळे तेवढे जास्त आत ओढले जातात, आणि ज्याचं चित्र मेंदूला नको आहे तो वळतो. चष्म्याने जोर उतरला की वळणं बऱ्याच मुलांत कमी होतं, काहींत पूर्ण जातं. चष्मा घातल्यावरही जवळ बघताना वळतोय का हे घरी बघून डॉक्टरांना सांगा. वळत राहिला तर पुढचे उपाय वेगळे असतात.

शाळेच्या तपासणीबद्दल: फक्त लांबचा तक्ता वाचून घेतला तर प्लस नंबर हमखास सुटतो. त्यात मूल स्वतःच्या हाताने डोळा झाकतं आणि बोटांच्या फटीतून बघतं. मोठ्या माणसाने कार्डाने डोळा झाकला असता तर डावा त्याच दिवशी सापडला असता. +२ चं भिंग समोर धरूनही मूल खालची ओळ वाचत असेल, तर आत प्लस दडलाय असं समजून पुढे पाठवायचं, एवढी साधी चाचणी पुरते.

वसंतकाका_सातरस्ता | बुधवार, सकाळी ७:३०

गणित पटलं. शाळेतल्या तपासणीत मुलं फटीतून बघतात हे मीही पाहिलंय. पण निम्मा नंबर देण्यात काय वाईट? डोळ्याला थोडं काम राहील.

अनुजा_ऑप्टो | बुधवार, सकाळी ८:४५

काका, डोळा सरळ असलेल्या मुलांत पूर्ण द्यायचा की थोडा कमी, यावर डॉक्टरांत मतभेद आहेत, तिथे तुमच्या म्हणण्याला जागा आहे. डोळा आत वळत असेल तर नाही. निम्मा दिला तर निम्मा जोर राहिला, म्हणजे वळणंही राहिलं. चष्म्याने डोळा बिघडत नाही. तो काढल्यावर मूल आधीपेक्षा जास्त वळतं असं वाटतं, कारण आता आपण बघायला लागलेलो असतो आणि स्नायूही निवांत झालेला असतो.

आणि तुमच्या पेपरबद्दल विचारते. अलीकडे लांबचं कसं दिसतं? रात्री समोरच्या गाडीचे दिवे फाकल्यासारखे दिसतात का?

वसंतकाका_सातरस्ता | बुधवार, सकाळी ९:१०

दिसतात. बसची पाटी आता अगदी जवळ आल्याशिवाय वाचता येत नाही. तो चष्मा जुना झाला म्हणून असेल.

अनुजा_ऑप्टो | बुधवार, सकाळी ९:२५

तर या आठवड्यात डोळे दाखवून घ्या. साठीनंतर वाचायचा चष्मा आपोआप सुटला आणि लांबचं बिघडलं, तर बहुतेक वेळा आतलं भिंग घट्ट होऊन मोतीबिंदू धरत असतो. त्याने डोळा मायनसकडे सरकतो, म्हणून पेपर दिसतो. व्यायामाने ते भिंग पुन्हा लवचिक होत नाही. घाबरायचं कारण नाही, पण साखर आणि पडदाही तपासून घ्या.

श्रीनिवासदादा, तुमचा नंबर उतरलेला नाही. −२.२५ वाल्याला ४४ सेंटीमीटरवर आपसूक दिसतं, आणि गाठ तुम्ही साधारण तेवढ्यावरच मारता. चष्मा घातला की त्या अंतरासाठी वरून जोर लागतो, तो ४६ व्या वर्षी पुरत नाही. चष्मा सरकवणं हा तुमच्यासाठी चांगला उपाय आहे. चालू मागावर मात्र वर-खाली करत राहण्यापेक्षा दोन भागांचं भिंग करून घ्या.

रेश्मा_शिवणकाम | बुधवार, दुपारी २:३५

माझं थोडं वेगळं आहे, इथे चालेल का? वय ३४. ब्लाउज शिवते. संध्याकाळी कपाळ ठणकतं, सुईत दोरा ओवताना दोन दोरे दिसतात. गोळी घेऊन झोपते. दुकानात +१.२५ चा वाचायचा चष्मा दिला आणि चाळिशी लवकर आली म्हणाले. पण मला तो घालून लांबचंही छान दिसतं! असं कसं? मैत्रिणीच्या आईच्या चाळिशीच्या चष्म्यातून लांबचं काहीच दिसत नाही.

अनुजा_ऑप्टो | बुधवार, संध्या. ४:१०

इथेच चालेल, हा मुक्ताच्या मुलाचाच मोठेपणीचा किस्सा वाटतो. चाळिशीत डोळ्याची लांबी बरोबर असते, फक्त भिंग ताठर होतं. त्या माणसाला प्लसमधून लांबचं पुसटच दिसणार. तुम्हाला प्लसमधून लांबचं स्वच्छ दिसतंय, याचा अर्थ डोळा मुळात प्लसचा आहे आणि लहानपणापासून तुम्ही तो जोराने भरून काढत होतात. जोराची शिल्लक वयाबरोबर घटते. सहाव्या वर्षी १४, चौतिशीत ८ च्या आसपास, साठीला जेमतेम १. निम्म्याच्या वर सतत वापरली की संध्याकाळी डोकं धरतं. थेंब घालून पूर्ण तपासून घ्या. कदाचित +१.२५ पेक्षा जास्त निघेल, आणि चष्मा शिवतानाच नाही तर एरवीही लावावा लागेल.

संजय_होटगीरोड | बुधवार, रात्री ८:२०

मुक्ताताई, तुमच्या थोरलीच्या वयाची माझी मुलगी आहे. −१.०० पासून दोन वर्षांत −२.७५. आमच्या ओळखीचे एक जण म्हणतात मायनस थोडा कमी लावा, म्हणजे वाढत नाही. आणि डॉक्टरांनी ०.०१ टक्के अ‍ॅट्रोपिनचे थेंब रात्री घालायला सांगितलेत. अ‍ॅट्रोपिन म्हणजे तेच ना, जे मुक्ताताईंच्या मुलाला मलम म्हणून दिलं? मग नंबर मोजायचं औषध की थांबवायचं?

अनुजा_ऑप्टो | बुधवार, रात्री ९:४०

औषध तेच, ताकद शंभरपट वेगळी. मोजायचं मलम १ टक्क्याचं असतं, ते स्नायू थांबवतं. रात्रीचे थेंब ०.०१ टक्क्याचे, डोळा लांबण्याचा वेग कमी करण्यासाठी. घरात दोन्ही असतील तर वेगवेगळ्या खणात ठेवा, बहीण-भावात अदलाबदल होऊ देऊ नका. मलमाने तोंड कोरडं पडणं, चेहरा लाल होणं, ताप येणं असं झालं तर थांबवून डॉक्टरांना फोन करायचा. सोलापूरच्या उन्हात जास्तच जपायचं, कारण या औषधाने घाम कमी येतो.

मायनस कमी लावल्याने वाढ थांबते हा समज चुकीचा ठरलाय. २००२ मध्ये मलेशियातल्या मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात कमी नंबर लावलेल्या मुलांचा मायनस उलट थोडा जास्त वाढला होता. पूर्ण नंबर लावा. उजेडात बाहेर राहणं मायनस सुरू व्हायला आडवं येतं, यावर मात्र बऱ्यापैकी एकमत आहे, रोज दोन तासांच्या आसपास. आपल्याकडे उन्हाळ्यात भर दुपारी नको, सकाळ-संध्याकाळ विभागून, टोपी घालून.

०.०१ टक्का पुरतो का, हे विचाराल तर सरळ उत्तर नाही. हाँगकाँगच्या अभ्यासात ०.०५ टक्क्याचा परिणाम जास्त दिसला. काही मुलांना ०.०१ चा काहीच फरक पडत नाही. दर सहा महिन्यांनी डोळ्याची लांबी मोजून घेता आली तर आकड्यापेक्षा ते जास्त खरं बोलतं.

मुक्ता_जुळेसोलापूर | शनिवार, सकाळी ११:१५

चष्मा आला. फ्रेम त्याने स्वतः निवडली, निळी, जरा मोठीच आहे. घातला की लांबचं पुसट दिसतं म्हणून रडतो आणि वरच्या कडेवरून बघतो. वहीत मात्र डोळा वळणं कमी झालंय, आज तरी मला तसं वाटलं. नंबर चुकलाय का?

अनुजा_ऑप्टो | शनिवार, दुपारी १२:३०

घाईने चुकलाय म्हणू नका, पण दोन गोष्टी तपासा. छापील कागदावर चष्मा टेकवून हळूहळू वर उचला. दोन्ही भिंगांतून अक्षर मोठं झालं पाहिजे, आणि डाव्यातून उजव्यापेक्षा जास्त मोठं. डाव्यातून कमी मोठं दिसलं तर भिंगं अदलाबदल होऊन बसलीत. हे मी प्रत्यक्षात पाहिलेलं आहे, आणि त्या मुलीचे चार महिने फुकट गेले होते.

दुसरं, फ्रेम. प्लस भिंगाचा जाड मध्य बाहुलीसमोर आला पाहिजे. या वयात दोन बाहुल्यांमधलं अंतर ५२-५४ मिलिमीटर असतं. मोठ्या फ्रेमीत मध्य बाहेर सरकला तर डोळ्यांवर वेगळाच ताण येतो, चष्माही जड होतो आणि नाकावरून घसरतो, मग मूल वरून बघणारच. दुकानात जाऊन त्याचं अंतर मोजून भिंगाचा मध्य जुळतोय का विचारा. मागे इलॅस्टिकचा पट्टा लावून घ्या.

हे दोन्ही बरोबर निघालं तर पुसटपणा स्नायूचा आहे. मलमाचा परिणाम उतरत आलाय आणि स्नायू जुन्या सवयीने जोर लावतोय, वर भिंगाचा प्लस, म्हणून लांबचं धुरकट. दोन-चार आठवड्यांत तो सैल पडतो. म्हणूनच मलमाचा असर असतानाच चष्मा घातला तर मुलं लवकर स्वीकारतात.

मुक्ता_जुळेसोलापूर | शनिवार, संध्या. ६:४०

कागदावर बघितलं. डाव्यातून जास्त मोठं दिसतं, म्हणजे भिंगं बरोबर आहेत. मध्याचं मात्र दुकानदाराने मान्य केलं की अंतर मोजलंच नव्हतं, अंदाजे साठ धरलं होतं. छोट्या फ्रेमीत पुन्हा करून देतो म्हणालेत, पैसे मागितले नाहीत.

डॉक्टरांनी सहा आठवड्यांनी बोलावलंय. डाव्याचा ६/१२ सुधारला नाही तर उजव्यावर रोज दोन तास पट्टी लावायची म्हणाले. शाळेत लावायची की घरी? शाळेत मुलं चिडवतील या भीतीने मी अडलेय.

श्रीनिवास_अशोकचौक | शनिवार, रात्री ८:१०

ताई, माझ्या भाच्याला पट्टी होती. शाळेतून आल्यावर लावायचे आणि त्याच वेळात त्याला मण्यांची माळ ओवायला बसवायचे. त्याला फरक पडला होता. पण त्याचं वय तेव्हा पाच होतं.

अनुजा_ऑप्टो | शनिवार, रात्री ८:५५

घरीच लावा, दादा म्हणतात तसं जवळचं काम देऊन. आळशी डोळा सात-आठ वर्षांपर्यंत सगळ्यात चांगला ऐकतो, नंतरही ऐकतो पण हळू. मुक्ता, सहा आठवड्यांत नुसत्या चष्म्याने डावा ६/९ पर्यंत आला तर पट्टी थोडी पुढेही ढकलतात. आधी नवी फ्रेम येऊ द्या, सहा आठवडे त्या दिवसापासून मोजा, आणि तसं डॉक्टरांना सांगा.

वसंतकाका_सातरस्ता | सोमवार, दुपारी १२:०५

दाखवून आलो. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजव्यात जास्त. डॉक्टर म्हणाले आत घालायचं भिंग कोणत्या नंबराचं हवं ते आता ठरवा, लांबचं चष्म्याशिवाय की पेपर चष्म्याशिवाय. अनुजाताई, वयाच्या ६८ व्या वर्षी माणसाने काय निवडावं?

अनुजा_ऑप्टो | सोमवार, रात्री ९:३०

काका, दिवसाचे जास्त तास तुम्ही कुठे बघता ते आधी लिहा. गाडी चालवता का? पेपराशिवाय आणखी काय वाचता, किती वेळ? ते कळल्याशिवाय मी बोलणार नाही.